‘घरी विचारून सांगतो’ म्हटल्यावर

छतावर सोलर बसवून देणाऱ्या कुणाही माणसाला विचारा, तुमचा व्यवहार नेमका कुठे अडतो? आधी तो किमतीचं नाव घेईल, मग बँकेचं, मग महावितरणच्या मीटरचं. थोडा वेळ बोलत राहिलात की हळूच एका वाक्यावर येईल : ‘घरी विचारून सांगतो.’ दुकानदार असेल तर ‘पार्टनरशी बोलतो’, कंपनीतला असेल तर ‘साहेबांच्या कानावर घालतो’. गिऱ्हाईक हे म्हणतं, चहाचा कप खाली ठेवतं, आणि समोरच्या विक्रेत्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही. ‘बरं, सांगा मग’ म्हणून तो उठतो आणि पुढचे पंधरा दिवस फोन करत राहतो.

या वाक्यावर काय उत्तर द्यायचं हे वरवर बोलण्यातलं कसब वाटतं. खरं तर त्यात बोलण्यापेक्षा हिशेब आणि माहितीच जास्त लागते. म्हणून एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ.

समजा, कराडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेतले शिक्षक आहेत. वडिलोपार्जित घर आहे, वर स्लॅबचं मोकळं छत. महिन्याला सरासरी २८० युनिट वीज लागते आणि बिल तीन हजारांच्या आसपास येतं. ‘पीएम सूर्यघर’ योजनेबद्दल त्यांनी ऐकलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घरगुती छतासाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्र सरकारकडून मिळतात. योजनेत नोंदणी असलेला एक तरुण विक्रेता त्यांच्याकडे येतो. छताचं माप घेतो, बिल पाहतो, तीन किलोवॅट पुरेल असं सांगतो. भाव १,८०,००० रुपये. सर नीट ऐकतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि म्हणतात, ‘चांगलं आहे. घरी विचारून सांगतो.’

इथे बहुतेक विक्रेते दोन चुकांपैकी एक करतात. पहिली म्हणजे लगेच भाव उतरवणं. ‘आजच बुक केलंत तर पाच हजार कमी करतो, सर.’ सरांनी भावाबद्दल तक्रार केलेलीच नव्हती. आता मात्र त्यांच्या मनात येतं, न मागता पाच हजार सुटले, तर मागितल्यावर किती सुटतील? शिवाय घरी जाऊन ते जे सांगणार त्यात आता सोलर मागे पडतं आणि ‘उद्यापर्यंत ठरवायला हवं’ हे पुढे येतं. घरातलं कुणीही शहाणं माणूस यावर एकच उत्तर देतं : एवढी घाई असेल तर नकोच. खोटी घाई दाखवून खरेदी करायला लावणं ही ऑनलाइन विक्रीतली फसवी रीत असल्याचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलेलं आहे. दिवाणखान्यातल्या विक्रीला त्या सूचना लागू होवोत न होवोत, गिऱ्हाइकाला वास तोच येतो.

दुसरी चूक जास्त वाईट. ‘सर, एवढ्यासाठी वहिनींना काय विचारायचं? तुम्ही म्हणाल ते घरात होतंच ना!’ विक्रेत्याला वाटतं आपण सरांना मोठेपणा दिला. सरांना ऐकू येतं, की हा माणूस माझ्या बायकोला मोजत नाही. या व्यवहारातली माणसं पुढची पंचवीस वर्षं त्याच छताखाली राहणार आहेत. लाख-दीड लाखाचा खर्च घरात न बोलता ठरवणारा नवरा हा काही शोभेचा विषय नाही, आणि घरी विचारायचं म्हणणारा माणूस बहुधा बरोबरच वागत असतो. त्यामुळे उत्तराचा पहिला शब्द मान्य करण्याचाच असावा : ‘बरोबर आहे सर, विचारायलाच हवं.’ हे नुसतं सौजन्य म्हणून म्हणू नये. मनापासून म्हणावं, कारण पुढे जे विचारायचं आहे ते या वाक्यावर उभं राहतं.

पुढचा प्रश्न असा : ‘घरचं बाजूला ठेवून, तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?’

याचं उत्तर काय येतं ते कान देऊन ऐकायचं. ‘मला तर पटलंय, फक्त हिला एकदा…’ असं आलं, तर अडचण खरोखर घरातली आहे. ‘बघू, चांगलंच असतं म्हणतात’ असं गुळमुळीत आलं, तर अडचण समोरच बसली आहे आणि घर हा आडोसा आहे. आडोसा घेण्यात गैर काही नाही. आपल्याकडे तोंडावर ‘नको’ म्हणणं जड जातं, म्हणून गैरहजर माणसाच्या नावाने ते म्हटलं जातं. अशा वेळी घरच्यांसाठी कागद पाठवत बसणं वाया जातं. त्यापेक्षा विचारावं, ‘यातली कुठली गोष्ट तुम्हाला खटकतेय?’ आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं फार कमी जणांना जमतं. समोरचा दहा सेकंद छताकडे बघत बसला की विक्रेता घाबरून पॅनेलच्या वॉरंटीबद्दल बोलायला लागतो, आणि येऊ घातलेलं खरं उत्तर परत आत जातं.

आणखी एक खूण आहे. ज्याला खरंच घरी बोलायचं असतं तो घरच्यांचे प्रश्न तुमच्यापुढे आणतो : ‘ती विचारेल, छत गळणार नाही ना?’ ज्याला टाळायचं असतं तो आणखी एक कोटेशन मागतो, माहितीपत्रक मागतो, ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका म्हणतो.

आपले सर पहिल्या प्रकारचे आहेत असं धरू. त्यांना पटलं आहे. आता विक्रेत्याने तिसरी गोष्ट विचारायची : ‘घरी कुणाकुणाशी बोलणं होईल? आणि त्यांना पहिलं काय विचारावंसं वाटेल?’ छतावरच्या सोलरमध्ये हा प्रश्न केवळ हुशारीचा नाही, कामाचा आहे. कारण इथे ‘घरचे’ म्हणजे कोण, हे कागदावर ठरतं. योजनेतला अर्ज वीजबिलावर ज्याचं नाव आहे त्याच्या नावाने जातो, आणि सबसिडीही त्याच अर्जदाराच्या बँक खात्यावर येते. सर सांगतात, मीटर वडिलांच्या नावावर आहे. घर मात्र सरांच्या आणि पुण्यातल्या धाकट्या भावाच्या नावावर आहे.

हे कळल्यावर चित्र पालटतं. विक्रेता इतका वेळ ज्यांच्याशी बोलत होता ते अर्जदार नाहीत आणि छताचे एकटे मालकही नाहीत. पैसे सर भरणार, ७८,००० रुपये वडिलांच्या खात्यावर जाणार. बहुतेक घरांत त्याचं काही वाटणार नाही, काही घरांत फार वाटेल. पण ते आधी माहीत असणं आणि काम झाल्यावर कळणं यात मोठा फरक आहे. भावाची लेखी संमती घेऊन ठेवावी लागेल, नाहीतर छतावर लोखंड उभं राहिल्यावर पुण्याहून फोन येईल. मीटर सरांच्या नावावर करून घ्यायचा तर महावितरणकडे आधी नाव बदलण्याचा अर्ज, आणि त्याला वेळ. ‘घरी विचारतो’ या दोन शब्दांत हे सगळं होतं, सरांनाही त्याची पुरती जाणीव नसेल.

दुसरा प्रश्न, पहिलं काय विचारतील, याला सर हसून उत्तर देतात : ‘ही विचारेल, उन्हाळ्यात कुरडया कुठे घालू?’

विक्रेत्याने हे हसण्यावारी नेलं तर व्यवहार तिथेच संपला असं समजावं. तीन किलोवॅटसाठी साधारण तीनशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, आणि छताचा नेमका तोच भाग वाळवणाचा असतो. पहिल्या भावात सांगाडा बुटका होता, कमरेएवढा. तो आठ फूट उंच करता येतो, म्हणजे खाली वावरता येतं, दोऱ्या बांधता येतात. पण पॅनेलची सावली पडणारच. वाळवणाला ऊन हवं असेल तर पॅनेल छताच्या एका कडेला घेऊन उरलेला भाग मोकळा ठेवावा लागेल. शिवाय उंच सांगाड्याला वारा जास्त धरतो, म्हणून लोखंड जाड लागतं, पाय काँक्रीटमध्ये नीट रोवावे लागतात. खर्च पंधरा हजारांनी वाढतो. भाव झाला १,९५,०००.

इथे गंमत बघा. पाच हजार उतरवणारा विक्रेता आणि पंधरा हजार वाढवणारा विक्रेता, दोघांनाही ‘घरी विचारून सांगतो’ हेच ऐकायला मिळालं होतं. दुसऱ्याचं काम होण्याची शक्यता जास्त, कारण त्याने वाढवलेले पैसे घरातल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाढले आहेत.

आता मुख्य भाग. विक्रेता निघून जातो, संध्याकाळी सर जेवणाच्या वेळी विषय काढतात. या बैठकीला विक्रेता हजर नसतो. त्याची बाजू मांडणारा माणूस असतो गणिताचा किंवा मराठीचा शिक्षक, ज्याला सोलरबद्दल दुपारी पाऊण तास ऐकलेलं आठवतंय. किलोवॅट आणि युनिट यात त्याचा गोंधळ होतो. ‘बिल शून्य येतं म्हणे’ असं तो सांगून बसतो. वडील विचारतात, ‘आणि लाइट गेल्यावर?’ सर म्हणतात, ‘चालत असेल की. सोलरच आहे ना.’

ते चालत नाही. महावितरणच्या तारांना जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट दिशेने शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भर दुपारी कडक ऊन पडलेलं असताना पंखा बंद, हे कुणालाही चमत्कारिक वाटतं. वडिलांनी शेजाऱ्याकडून ही गोष्ट ऐकलेली असेल आणि सर त्यांना उलटं सांगत असतील, तर त्या क्षणी सरांचंही वजन जातं आणि विक्रेत्याचंही. पुढचं कुणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप येतो, ‘घरचे नको म्हणतात.’ विक्रेत्याला वाटतं वडील जुन्या विचारांचे.

म्हणून ‘घरी विचारून सांगतो’ याचं खरं उत्तर समोर बसून द्यायचंच नसतं. ते लिहून पाठवायचं असतं, आणि सरांना उद्देशून नव्हे, तर घराला उद्देशून. कंपन्यांकडून येणारं चौदा पानी कोटेशन इथे निरुपयोगी आहे. त्यात पॅनेलचे तांत्रिक तक्ते, वायरिंगची आकृती आणि हिरव्या डोंगरावरचा सूर्य असतो. ते फॉरवर्ड होतं, उघडलं जात नाही. मोठ्याने वाचून दाखवता येईल असा एकच निरोप हवा. साधारण असा :

‘नमस्कार. छतावरच्या सोलरबद्दल आज सरांशी बोललो. घरातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून थोडक्यात लिहितोय. तीन किलोवॅटचा पूर्ण खर्च १,९५,००० रुपये. हे सगळे पैसे आधी भरावे लागतात. काम होऊन नवा मीटर लागला आणि तपासणी झाली की सरकारकडून ७८,००० रुपये बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या, म्हणजे काकांच्या, खात्यावर येतात. ते कोणत्या तारखेला येतील हे माझ्या हातात नाही. म्हणजे तुमचे शेवटी १,१७,००० लागतात. आजच्या वीजदराने वर्षाला साधारण ३२,००० रुपयांचं बिल वाचावं. उन्हाळ्यात वीज जास्त तयार होते, पावसाळ्यात बरीच कमी. बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो. लाइट गेल्यावर सोलरही बंद राहतं. तुमचा आताचा इन्व्हर्टर काढू नका. सांगाडा आठ फूट उंच असेल आणि पॅनेल पश्चिमेच्या कडेला असतील, वाळवणाची पूर्वेची बाजू उन्हात मोकळी राहील. काकांची आणि पुण्याच्या दादांची सही लागेल. कुणालाही काही विचारायचं असलं तर मला थेट फोन करा. शुक्रवारी संध्याकाळी मी सरांना फोन करतो.’

या निरोपात विक्रीची भाषा जवळजवळ नाही. तीन वाक्यं तर सरळ विक्रेत्याच्या विरोधात जाणारी आहेत : पैसे आधी भरायचे, सबसिडीची तारीख सांगता येत नाही, लाइट गेल्यावर सोलर बंद. हीच तीन वाक्यं निरोपाला उभं ठेवतात. घरातला सगळ्यात शंकेखोर माणूस जे शोधणार आहे ते त्याला आधीच लिहिलेलं सापडतं, आणि उरलेल्या आकड्यांवर तो निदान नजर तरी टाकतो.

आकडे कसे आले तेही विक्रेत्याला सांगता यायला हवं. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साडेतीन ते चार युनिट देतं. तीन किलोवॅटचे महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास होतात. घरात लागतात २८०. एखाद्या महिन्यात जास्तीची तयार झालेली वीज नेट मीटरवर जमा होते आणि पुढच्या महिन्यांत वळती होते, म्हणून पावसाळ्याची तूट काही अंशी भरून निघते. वर्षाचं ३६,००० चं बिल चार हजारांच्या आसपास उतरलं, तर वाचले ३२,०००, आणि १,१७,००० रुपये साडेतीन ते पावणेचार वर्षांत वसूल. यात पॅनेल पुसण्याचे कष्ट धरलेले नाहीत, आणि दहा-बारा वर्षांनी सोलरचा इन्व्हर्टर बदलावा लागला तर तोही नाही. दर बदलले की वसुलीचा काळ बदलेल. वडिलांनी विचारलं तर हेही सांगावं. न विचारता सगळंच सांगत बसलं तर निरोपाची पोथी होते, म्हणून ते मागे ठेवायचं.

शेवटच्या वाक्यातला शुक्रवार महत्त्वाचा आहे. ‘तुम्ही सांगा मग’ म्हटलं की फोन करण्याचं ओझं सरांवर जातं, आणि सरांच्या शाळेत परीक्षा चालू असतात. ‘मी शुक्रवारी फोन करतो’ म्हटलं की बुधवारी-गुरुवारी फोन न करण्याचं बंधन विक्रेत्यावर येतं. तेवढे दोन दिवस शांत राहणं हाच सरांवर दाखवलेला विश्वास. दिवस ठरवताना सरांनाच विचारावं, ‘तोवर बोलणं होईल ना?’ भाऊ पुण्याहून रविवारी येणार असेल तर शुक्रवारचा फोन व्यर्थ, सोमवार धरावा.

याहून चांगला मार्ग म्हणजे सगळे एकत्र असताना स्वतः जाणं. ‘हवं तर रविवारी सकाळी येतो, सगळ्यांसमोर एकदाच सांगतो’ असं विचारून ठेवावं. आग्रह करू नये. हो म्हटलं तर तिथे गेल्यावर एक पथ्य पाळायचं : सरांशी बोलायचंच नाही. सरांना पटलेलं आहे. काकांजवळ बसून बोलावं. वहिनींबरोबर छतावर जाऊन सावली कुठवर येईल ते खडूने आखून दाखवावं. कित्येक विक्रेते घरातल्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या नवऱ्याकडे बघून देतात. ती बाई ते लक्षात ठेवते, आणि तिने ठेवावंच. बैठकीत सरांना एकही गोष्ट नव्याने कळता कामा नये. ‘हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं’ असं त्यांना घरच्यांसमोर म्हणावं लागलं, तर आपल्या बाजूचा एकमेव माणूस गेला.

शुक्रवारी फोन केला आणि उचलला गेला नाही, तर? एक दिवस जाऊ द्यावा आणि दोन ओळी लिहाव्यात : ‘सर, घरी बोलणं झालं असेल तर कळवा. अजून झालं नसेल तर काही हरकत नाही, कधी फोन करू तेवढं सांगा.’ त्यालाही उत्तर नसेल तर आठवड्याने शेवटचा निरोप : ‘सध्या नको असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही. हा भाव महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो, त्यानंतर लोखंडाचा दर पाहून नवा द्यावा लागेल.’ यातली मुदत खरी असेल तरच लिहायची. असा निरोप गेला की अनेकदा त्याच दिवशी उत्तर येतं, कधी हो, कधी नाही. ‘नाही’ म्हणायला माणसाला दार उघडून दिलेलं असतं, एवढंच त्याचं कारण. चौथा निरोप पाठवू नये.

‘घरचे नको म्हणतात’ असं स्पष्ट कळलं तर एक प्रश्न विचारायला जागा राहते : ‘त्यांना नेमकं काय पटलं नाही, सांगाल का? तुमचं मन वळवायला नाही विचारत, पुढच्या घरी उपयोगी पडेल.’ हे खरं मनात असेल तरच चालतं. उत्तर आलं की आभार मानावेत आणि उलट युक्तिवाद गिळावा. युक्तिवाद केला, की विचारण्यामागचा हेतू उघडा पडतो.

आता गिऱ्हाईक घर नसून संस्था असेल तर? एखाद्या दवाखान्याच्या किंवा शाळेच्या कार्यालयातल्या माणसाने ‘वर विचारून सांगतो’ म्हटलं, तर बरंचसं तेच लागू पडतं, पण एक फरक मोठा आहे. घरात मन वळावं लागतं, कार्यालयात फाइल पुढे सरकावी लागते. मनाने ‘हो’ म्हणणारा व्यवस्थापकही तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता समोर आल्याशिवाय सही करत नाही, कारण उद्या हिशेब तपासनीस त्यालाच विचारणार. अशा वेळी ‘साहेबांना काय वाटेल?’ यापेक्षा ‘साहेबांपुढे हे कोणत्या कागदावर जातं?’ हे विचारणं उपयोगाचं. समोरचा कारकून आनंदाने सांगतो. हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नाही. एका पानाची टिप्पणी लागत असेल तर तिचा मसुदा त्यांच्या पद्धतीने लिहून द्यावा : सध्याचा खर्च, प्रस्तावित खर्च, बचत, पैसे किती टप्प्यांत, जबाबदारी कुणाची. स्वतःच्या कंपनीचं कौतुक त्यात एका शब्दानेही असू नये, कारण ती टिप्पणी त्यांच्या सहीने जाणार आहे. कोणत्या रकमेपर्यंत साहेबांची सही चालते आणि त्यावर संचालक मंडळाकडे जावं लागतं का, हेही त्याच बोलण्यात कळतं. मंडळाची बैठक दोन महिन्यांनी असेल तर दर आठवड्याला फोन करून त्या कारकुनाला छळण्यात अर्थ नाही.

गृहनिर्माण सोसायटीत हाच प्रकार आणखी लांबतो. सचिव उत्साही असतो, समिती ‘बघू’ म्हणते, आणि मोठा खर्च शेवटी सर्वसाधारण सभेपुढे जातो. तिथे पन्नास माणसांचे पन्नास प्रश्न. सोसायटीच्या जिना, लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी याच योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात, घरगुती दराने नाही. विक्रेत्याने घाईत ७८,००० चं गणित सांगितलं असेल तर सभेत सचिवाची फजिती होते.

आणि भागीदार. दोन भागीदारांचं दुकान किंवा छोटा कारखाना असेल तर एकाने केलेली धंद्यातली नेहमीची खरेदी साधारणपणे दोघांना बांधते. १९३२ चा भागीदारी कायदा तसंच सांगतो. ‘कायद्याने तुम्ही एकटे ठरवू शकता’ हे एखादा हुशार विक्रेता बोलूनही दाखवतो. बोलू नये. भागीदार विचारतो ते अधिकार नाही म्हणून नव्हे. उद्या सकाळी त्याच गल्ल्यावर त्या दुसऱ्या माणसाशेजारी बसायचं असतं म्हणून. दोघा भागीदारांत बहुधा एक जण यंत्रं पाहतो आणि दुसरा बँक. तुम्ही यंत्रं पाहणाऱ्याशी बोलत असाल तर घरी जाणाऱ्या निरोपासारखाच इथला निरोप दुसऱ्यासाठी लिहायचा : हप्ता किती, पहिल्या तीन महिन्यांत खिशातून किती जाणार, कर्जाला तारण लागतं का. पॅनेल कोणत्या कंपनीचं, हे त्या दुसऱ्या भागीदाराला बहुधा विचारायचंही नसतं.

कराडच्या सरांकडे शेवटी काय होईल, ते भावावर आहे. वडील राजी, वहिनींची पूर्वेची बाजू मोकळी, पैशांची सोय झालेली. पण पुण्याच्या दादांना दोन वर्षांनी वर मजला चढवायचा असेल तर आज छतावर पॅनेल बसवणं हा सगळ्यांचाच तोटा. उभा सांगाडा खोलून पुन्हा बसवायचा खर्च बराच येतो, आणि मधले महिने वीज बंद. विक्रेत्याने ‘दादांचा वर बांधायचा विचार आहे का?’ हे पहिल्याच दिवशी विचारलं असेल, तर त्याला शुक्रवारच्या फोनवर मिळणारं ‘दोन वर्षं थांबतो’ हे उत्तर आश्चर्याचं वाटणार नाही. तो वहीत तारीख टाकतो, सरांना सांगतो, ‘बांधकामाचा नकाशा झाला की मला दाखवा, पॅनेलच्या खांबांसाठी वरच्या स्लॅबमध्येच पट्ट्या सोडून घेऊ, खर्च वाचेल,’ आणि पुढच्या गावाला निघतो.